आग्रा रस्त्यावरच्या गोष्टी

आमच्या पूर्णा गावात पूर्वी अनोळखी माणूस दिसला की तो रस्ता विचारायलाच आलेला असायचा. ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर, मग पूर्णा, पुढे अंजूरफाटा आणि भिवंडी. हा जुना आग्रा रस्ता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि मधून एकेरी जाणारी, एकेरी येणारी वाहतूक. ट्रक थांबायचा, किन्नर टपकन खाली उडी मारायचा आणि चहाच्या टपरीवर बसलेल्यांना विचारायचा, “ओ काका, भिवंडी अजून किती?” काका उत्तर द्यायचे, पण लगेच नाही. आधी तुम्ही कुठले, माल कसला, शेठ कोण, घरी कधी गेला होतात, एवढं सगळं विचारून झाल्यावर. तोवर चहा आलेला असायचा. गाडीवाल्यालाही घाई नसे, कारण पुढे जकात नाक्यावर रांग ठरलेली होती. रांगेत रात्र गेली तर जात असे. त्या रात्रींत माणसं एकमेकांना जे सांगत, ते त्यांनी घरी बायकोलाही सांगितलेलं नसे.

आज त्याच खाचरांवर गोदामं आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरी मुंबईच्या दारात, म्हणून ती इथल्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर उभी राहिली. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. रस्त्यावर मेट्रो ५ चे खांब आले आणि त्या मार्गावरच्या एका स्थानकाला आमच्या गावाचं नाव मिळालं. ड्रायव्हरच्या समोर काचेला मोबाइल चिकटवलेला असतो आणि त्यातली बाई त्याला गेट नंबरपर्यंत आणून सोडते. बऱ्याच गाड्यांवर आता किन्नरही नसतो. मागे घेताना गाडीच्या पाठीशी उभं राहून “आने दो, आने दो” असं ओरडणारा आणि पत्र्यावर हाताची थाप मारून थांबवणारा पोरगा नाही, त्याच्या जागी कॅमेरा आहे. ड्रायव्हर चहा पितो, पण कानात इअरफोन घालून. त्याला आमच्याकडून काहीच नको असतं.

मला प्रवासाच्या गोष्टींचं वेड ह्या रस्त्यामुळे लागलं. त्यामुळे रस्ता बदलला तेव्हा पहिली काळजी मला त्या गोष्टींचीच वाटली. रस्त्यावरचे सिनेमे ज्या गोष्टीवर जगत होते ती गोष्टच नाहीशी झाली आहे, असं बरीच वर्षं वाटायचं. विचारणं संपलं, वाट पाहणं संपलं, चुकणं संपलं. मग उरलं काय?

तेव्हाचे सिनेमे आठवून पाहा. १९७२ चा ‘बॉम्बे टू गोवा’ हा बहुतेक सगळा सिनेमा एका बसमध्ये घडतो. घरातून पळालेली मुलगी, तिच्या मागावरचे लोक, आणि बाकीचे नाना तऱ्हेचे प्रवासी एकाच दारातून चढलेले. २००४ मध्ये सचिन पिळगावकरांनी ‘नवरा माझा नवसाचा’ केला तेव्हाही त्यांनी एसटीच निवडली. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेलं जोडपं, वडिलांनी बोललेला नि राहून गेलेला नवस, आणि अशोक सराफांचा कंडक्टर. एसटीत आपल्या शेजारी कोण बसणार हे आपण ठरवत नाही, आणि एकदा बसल्यावर सात-आठ तास त्याच्यापासून सुटका नसते. पटकथा लिहिणाऱ्याला एवढं फुकट दुसरीकडे कुठे मिळत नाही. दुकानात, ऑफिसात, घरात दोन न पटणारी माणसं समोरासमोर आणायची तर लेखकाला कारण शोधावं लागतं, आणि त्यातला एक उठून जाणार नाही ह्यासाठी दुसरं कारण. बसमध्ये तिकीट हेच कारण असतं.

‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग २०२४ मध्ये आला. वीस वर्षांत कोकणात जाण्याच्या पद्धती केवढ्या बदलल्या, पण गोष्टीतली माणसं स्वतःच्या मोटारीत बसली नाहीत. ती कोकण रेल्वेच्या गाडीत चढली, आणि अशोक सराफ तिकीट तपासायला आले. मला हा निर्णय अगदी समजून घेतलेला वाटतो. वाहन बदललं तरी चालेल, पण ते सगळ्यांचं असलं पाहिजे. त्याच्या उलट बाजूला उमेश कुलकर्णींचा २०१५ चा ‘हायवे’ आहे, गिरीश कुलकर्णींनी लिहिलेला. त्यात मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर माणसं आहेत, पण आपापल्या गाड्यांच्या काचा वर करून. शेजारून जाणारी दोन आयुष्यं एकमेकांना भेटतच नाहीत. हा आपल्या आताच्या रस्त्याचा खरा चेहरा आहे, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे दाखवला.

पण वाहनापाशी थांबून चालणार नाही. प्रवासात माणूस बदलतो असं आपण सहज म्हणतो. का बदलतो हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते सिनेमातून नव्हे, ‘माझा प्रवास’ वाचून. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. १८५७ साली त्यांना कळलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे. काकांना बरोबर घेऊन ते पायी निघाले. पुण्याहून पुढे सातपुडा ओलांडून ते महूच्या बाजूला गेले आणि तिथे त्यांना शिपायांकडून कळलं की उत्तरेत बंड उठतंय. महू ह्याच आग्रा रस्त्यावर आहे. हे मला आजही विलक्षण वाटतं, की आमच्या दारावरून जाणारा रस्ता ज्या गावातून जातो, तिथे ह्या माणसाच्या प्रवासाचा अर्थ बदलला.

त्यांना हवं काय होतं? पैसे. इतकं सरळ, इतकं मोजता येण्यासारखं. प्रवासाच्या गोष्टीला अशीच सुरुवात लागते. ‘स्वतःला शोधायला’ निघालेल्या नायकाच्या गोष्टी फसतात ह्याचं कारण तेच आहे. स्वतःला शोधायला निघालेला माणूस कुठल्या फाट्यावर डावीकडे वळेल हे लेखकालाही माहीत नसतं. कर्ज फेडायला निघालेला माणूस प्रत्येक फाट्यावर काय करेल हे आपल्याला माहीत असतं, आणि तो एके ठिकाणी तसं करत नाही तेव्हा आपण दचकतो.

गोडसे भटजी झाशीला पोचले. तिथे राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयानं राहिले, दानधर्म पाहिला, दक्षिणा घेतली. मग १८५८ मध्ये इंग्रजांचा वेढा पडला, शहर पडलं, कत्तल झाली. जमवलेलं सारं लुटलं गेलं, जीव तेवढा वाचला. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा भेटली. आता ती पुरुषी वेशात, धुळीनं माखलेली, तहानलेली. भटजींनी पाणी शेंदून द्यायला भांडं पुढे केलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, अशा अर्थाचं बोलून तिनं स्वतः पाणी शेंदलं आणि ओंजळीनं प्यायली.

ह्या प्रसंगापाशी जरा रेंगाळायला हवं, कारण प्रवासकथेची सारी कारागिरी ह्यात आहे. ही तीच दोन माणसं आहेत. झाशीत ती देणारी होती आणि हे घेणारे. विहिरीवर तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही, आणि आयुष्यभर हात पुढे करून जगलेला भिक्षुक पहिल्यांदा काहीतरी द्यायला हात पुढे करतो. ती ते घेत नाही. गोडशांनी कुठेही लिहिलेलं नाही की इथे मी बदललो. त्यांना बहुतेक तसं वाटलंही नसेल. पण झाशीतला प्रसंग आणि विहिरीवरचा प्रसंग शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला बदल दिसतो, कारण माणसं तीच आहेत आणि कृती उलटली आहे. घरी राहिलेल्या माणसांत हे दाखवणं अवघड असतं. घरी माणसाभोवती त्याचं नाव, त्याची जागा, त्याला ओळखणारे लोक उभे असतात आणि ते त्याला रोज तोच माणूस करून ठेवतात. वरसईत भटजी भटजीच राहिले असते. रस्त्यावर राणीही राणी राहत नाही.

शेवट तर त्याहून चांगला आहे. पुढे वाटेत हाल सोसत ते काशीला पोचले, आणि दोन-तीन वर्षांनी घरी आले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना गंगेच्या पाण्यानं स्नान घालायला. पैसे आणायला गेलेला मुलगा पाणी घेऊन आला. कर्जाचं काय झालं हा प्रश्न गोष्ट वाचताना मनात राहतो, आणि तो राहायलाच हवा. जे हवं होतं ते मिळालं नाही हे लपवलं की उरलेल्या पाण्याला किंमत राहत नाही. हे सगळं त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिलं. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये बरेच फेरफार करून ते छापलं, आणि मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. मिळाली तर तीच वाचावी. तिच्यात चालणाऱ्या माणसाचा दम लागलेला ऐकू येतो.

कर्ज आणि वाट ही जोडी आपल्याकडे अजून संपलेली नाही. मकरंद मानेंच्या ‘रिंगण’ला २०१५ साठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कर्जात बुडालेला शेतकरी अर्जुन मगर आपल्या आईविना पोराला घेऊन पंढरपूरला जातो. बापाला सुटका हवी आहे, आणि पोराला वाटतं की तिथे आई भेटेल. दोघं एकाच वाटेवर आहेत, पण एकाच जागी चाललेले नाहीत. हा ह्या प्रकारच्या गोष्टीचा दुसरा मोठा आधार. सोबतीला दुसरा माणूस द्यायचा तो नायकाची विचारपूस करण्यासाठी नव्हे, तर त्याला त्याच बसमधून वेगळ्याच गावी जायचं आहे म्हणून. सत्यजित राय यांच्या १९६६ च्या ‘नायक’मध्ये नट अरिंदम पुरस्कार घ्यायला रेल्वेनं दिल्लीला निघाला आहे आणि मासिक चालवणारी अदिती त्याची मुलाखत मिळवायला बघते आहे. त्याला पुरस्कार हवा, तिला मजकूर हवा. जेवणाच्या डब्यात तो तिला जे सांगतो ते इतकं खरं असतं की शेवटी ती आपली टिपणं फाडून टाकते. दोघांनाही हवं होतं ते हातात आलेलं असतं, आणि तिनं ते सोडलेलं असतं.

आता माझ्या जुन्या काळजीकडे येतो. गावातली काही मुलं लघुपट करतात. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, “काका, प्रवासाची गोष्ट लिहायचीय, पण आता रस्त्यावर काही घडतच नाही. गाडी बंद पाडू का?” गाडी बंद पाडणं ही सगळ्यांची पहिली युक्ती. ती चालत नाही, कारण गाडी कोणाचीही बंद पडते. त्यातून हा माणूस कसा आहे ते कळत नाही. मी तिला म्हटलं, आधी असं कारण शोध की ज्यासाठी आज माणसाला फोन करून भागत नाही, स्वतः जावंच लागतं. पैसे फोनवरून जातात, निरोप जातो, लग्नाची पत्रिकासुद्धा जाते. काय जात नाही?

तिनं दोन दिवसांनी उत्तर आणलं, आणि ते आमच्याच मातीतलं होतं: हक्कसोडपत्र. भिवंडीच्या आसपासच्या गावांत हा शब्द लहान पोरांनाही माहीत आहे. जमिनीला भाव आला, गोदामवाल्याशी बोलणं झालं, आणि सातबारावर बहिणीचं नाव आहे. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला, आणि तेव्हापासून बहिणीच्या सहीला निराळं वजन आलं. तिनं हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी सहसा जमीन ज्या भागात आहे तिथल्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिला स्वतः हजर राहावं लागतं. अंगठ्याचा ठसा कुरिअरनं येत नाही.

इथे माझी काळजी मला स्वतःलाच अपुरी वाटली. जकात नाका गेला, विचारणं गेलं हे खरंच आहे, आणि त्याची हळहळ मला आहेच. पण ज्या काळात टपरीवर रात्र जात होती, त्या काळात बहिणीला विचारायला कोणी तिच्या सासरी गेलं नसतं. तिच्याकडे जाण्याचं कारण नव्हतं, कारण तिला विचारण्याचीच पद्धत नव्हती. हा प्रवास नव्या काळानं दिला आहे.

मग आम्ही बसून ती गोष्ट उलगडली. सदाशिव, पूर्ण्याचा, अठ्ठावन्न वर्षांचा. गोदामाचं भाडं खाणारा, मितभाषी, मनानं वाईट नाही. शेवटचा एक तुकडा उरला आहे, तोही मुलाला द्यायचा आहे. थोरली बहीण वत्सला लग्न होऊन धुळ्याला. त्याला तिला भिवंडीला आणायचं आहे. तो तिला एवढंच सांगतो की एका कागदावर सही हवी आहे.

पहिली गोष्ट आम्ही ही केली की जातानाचा प्रवास कापून टाकला. नवीन लिहिणारा हमखास घरापासून सुरुवात करतो: बॅग भरणं, डबा, बायकोच्या सूचना, टोलनाका. त्यात वीस मिनिटं जातात आणि दोन माणसं अजून भेटलेलीच नसतात. गोष्ट धुळ्यात वत्सलाच्या दारात सुरू होते. सदाशिव गाडीचं मागचं दार उघडून उभा आहे. ती पुढे बसते.

दुसरी गोष्ट थांबे. धुळ्याहून भिवंडी तीनशे किलोमीटरच्या आसपास, चांगल्या रस्त्यानं सहा-सात तास. सरळ आले तर गोष्ट होणार नाही. थांबायला कारण हवं, आणि ते बाहेरून आणायचं नाही. वत्सलाला गाडी लागते, लहानपणापासून. त्यामुळे कुठे थांबायचं हे ती ठरवणार, तो नाही. इतक्या साध्या गोष्टीनं गाडीचं चाक त्याच्या हातात असूनही प्रवास तिच्या हातात गेला. आम्ही चार थांबे घेतले: मालेगाव, चांदवड, कसारा आणि पडघा.

मालेगावला ती उतरते, तोंड धुते, आणि तो गाडीतच बसून फोनवर बोलत राहतो. तिला पाण्याची बाटली तो काचेतून देतो. चांदवडला रेणुकामातेचं देऊळ रस्त्यालगतच आहे; ती म्हणते, आईनं इथे ओटी भरायची राहिली असं शेवटी म्हटलं होतं. सदाशिवला हे माहीतच नाही. आई शेवटी पूर्ण्यातच होती, त्याच्या घरात, आणि तरी आईचं शेवटचं मागणं त्याला बहिणीकडून कळतं. इथे त्याला पहिल्यांदा वाटतं की आपण जे घर आपलं समजतो त्याचा काही भाग हिच्याकडे आहे. नाशिक आम्ही वळणावरून काढून दिलं. तिथे काही घडायचं नव्हतं. कसाऱ्याच्या घाटाआधी ती त्याला विचारते, “कागद कसला आहे, दादा?” ती थोरली असून त्याला दादा म्हणते, कारण वडील गेल्यापासून घरात तोच मोठा झाला. आणि पडघ्याला, भिवंडी जवळ आलेली असताना, तिला पुन्हा गाडी लागते.

इथे एक कसोटी सांगतो, ती प्रत्येक प्रवासकथेला लावून बघावी. थांब्यांची अदलाबदल करायची. चांदवडचा प्रसंग पडघ्याला आणि पडघ्याचा मालेगावला नेला तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर ती गोष्ट नाही, प्रवासवर्णन आहे. आमच्या पहिल्या खर्ड्यात मालेगावला एक विनोदी ढाबेवाला होता आणि कसाऱ्याला एक भांडण होतं. दोन्ही कुठेही चालले असते, म्हणून दोन्ही गेले. चांदवडचं देऊळ मात्र हलत नाही. ते मालेगावच्या आधी आणलं तर सदाशिवनं काचेतून बाटली देणं शक्यच नाही. आणि कसाऱ्यानंतर नेलं तर वत्सलाच्या प्रश्नाला तो काहीही उत्तर देऊन मोकळा होईल.

बदल दाखवायचा तो विहिरीच्या प्रसंगासारखा, एकच कृती दोनदा. मालेगावला त्यानं बाटली काचेतून दिली. पडघ्याला तो उतरतो, तिच्या मागे उभा राहतो, एका हातानं तिच्या पाठीवर थोपटतो आणि दुसऱ्या हातानं पाणी ओततो. ह्यावर संवाद लिहायचा नाही. मुलीनं लिहिला होता: “ताई, मी चुकलो.” तो ओढून काढायला मला बराच वेळ लागला. पाणी ओतल्यावर ते वाक्य उरतच नाही.

चित्रीकरणाचीही एक अडचण आहे, आणि ती लिहितानाच सोडवावी लागते. धावत्या गाडीत संवाद घेणं नवशिक्यांना महागात पडतं. इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज, बाहेरच्या प्रकाशाचा दर मिनिटाला बदलणारा रंग, आणि कॅमेरा धरायला जागा नाही. मग घरी येऊन आवाज पुन्हा भरावा लागतो आणि तो खोटा वाटतो. म्हणून बोलणं थांब्यांवर ठेवावं, आणि धावत्या गाडीत माणसांना गप्प बसवावं. गंमत अशी की गोष्टीलाही हेच मानवतं. गाडीत दोघं एकमेकांकडे न बघता समोर बघत असतात. गप्प बसायला त्याहून बरी जागा नाही. वत्सलाचा कागदाचा प्रश्न तेवढा आम्ही धावत्या गाडीत ठेवला, कारण तिला तो त्याच्या डोळ्यांत न बघताच विचारायचा होता. एकच वाक्य, तेही मागच्या सीटवरून घेतलेलं, दोघांच्या पाठी दिसतील असं. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे आवाज नंतर भरला तरी चालतो.

स्वतः जावंच लागतं असं आणखी एक कारण ह्या रस्त्यानं पाहिलं आहे. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, ह्याच आग्रा रस्त्यावरून भिवंडीच्या मागांवर काम करणाऱ्यांचे जथे चालत गेले, कसाऱ्याकडे, नाशिककडे, तिथून उत्तरेकडे. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. पुष्कळांनी त्यावर सिनेमे काढायचं मनात आणलं, मुलांनीही. मी त्यांना सांगितलं की जथ्याची गोष्ट लिहिता येत नाही, त्यातल्या दोघांची येते. आणि त्या दोघांपैकी एकाला गावी जायचंच नसेल तर अधिक चांगली येते. ती गोष्ट अजून कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. लिहिणाऱ्यानं आधी धोटा चालवणाऱ्या माणसाशी बसून बोलावं. मागाच्या खोलीत तो रात्रपाळी कशी काढतो, चार-सहा जण एका खोलीत पाळीपाळीनं कसे झोपतात हे ठाऊक नसेल, तर तो रस्त्यावर आला म्हणजे त्याचं काय सुटलं हे कळणार नाही.

सदाशिव आणि वत्सलाची गोष्ट आता शेवटापाशी येऊन थांबली आहे. मुलीला शेवट कार्यालयात हवा आहे: टोकन, बाकडं, ठसा घेणारं यंत्र, फोटो काढायचा कॅमेरा, आणि वत्सला सही करते की नाही. मला वाटतं सही होते की नाही हे ठरवण्याआधी तिनं एकदा कार्यालयात जाऊन बसावं. तिथे बहिणी येतात. भाऊ त्यांना खुर्ची देतात, चहा आणतात, एरवी कधी आणला नसेल इतक्या तत्परतेनं. काही बहिणी सही करून हसत बाहेर पडतात, काही कागद पूर्ण वाचल्याशिवाय पेन हातात घेत नाहीत. वत्सला कुठली, हे धुळ्याच्या दारात ती पुढच्या सीटवर बसली तेव्हाच थोडंसं ठरलं आहे. उरलेलं पुढच्या मंगळवारी, ती तिथून येऊन पुढचा खर्डा लिहील तेव्हा.